स्टोरीला उत्तर देणारी चौकट कुणाला दिसते आणि कुणाला नाही

आखाजीला दहा दिवस उरले होते आणि अमळनेरच्या आमच्या वहिनींचा फोन गप्प होता. त्या खापरावरचे मांडे करून विकतात. तीन वर्षांपासून निम्म्या ऑर्डरी इन्स्टाग्रामवरून येतात, कारण माझ्या पुतणीने त्यांना तिथे खातं उघडून दिलं आहे. पद्धत साधी आहे. आदल्या दिवशी दुपारी स्टोरी टाकायची, ‘उद्या सकाळी मांडे, वीस घरांपुरतेच’, आणि ज्याला हवेत त्याने स्टोरीच्या खालच्या चौकटीत ‘माझे चार’ असं लिहून पाठवायचं. यंदा स्टोरी साडेचारशे लोकांनी बघितलेली दिसत होती, पण उत्तरं आली दोन, आणि त्यातलं एक पुतणीच्या मैत्रिणीचं.

शेवटी सुरतहून एका जुन्या गिऱ्हाईकाचा फोन आला. सुरतेत आपले खान्देशी लोक ढिगाने, त्यातलंच हे एक कुटुंब. त्यांनी विचारलं, “वहिनी, आमचं काही चुकलं का? तुम्ही आम्हाला ब्लॉक केलंय का?” वहिनींना ब्लॉक कसं करतात हेच ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. महिनाभरापूर्वी कुणी एक टवाळ पोरगा स्टोरीला घाणेरडी उत्तरं पाठवत होता. पुतणीने चिडून सेटिंगमध्ये जाऊन उत्तरांवर बंधन घातलं. मला म्हणाली, “काका, मी सगळ्यांना नाही बंद केलं. आपल्या फॉलोअर्सना चालू ठेवलंय.” मी फोन हातात घेतला तर निवडलेलं होतं `People you follow`.

सगळी गंमत या तीन शब्दांत आहे. त्यांचा अर्थ ‘तुम्हाला फॉलो करणारे’ असा नाही. ‘तुम्ही ज्यांना फॉलो करता ते’ असा आहे. वहिनींच्या खात्याला तेव्हा तेवीसशेच्या आसपास लोक फॉलो करत होते, आणि वहिनींचं खातं फॉलो करत होतं फक्त अडतीस जणांना. त्यात नातेवाईक होते, दोन रेसिपीवाल्या बायका आणि एक जळगावचं सराफी दुकान. म्हणजे तेवीसशेतल्या जास्तीत जास्त अडतीस जणांनाच उत्तराची चौकट दिसत होती. सुरतचं कुटुंब त्या अडतिसांत नव्हतं.

फॉलो करण्याला दिशा असते हे आपण विसरतो. गावात ओळख असली की ती दोन्हीकडून असते. मी तुला ओळखतो म्हणजे तूही मला ओळखतोस. इन्स्टाग्रामवर तसं नाही. गिऱ्हाईक दुकानाकडे बघत असतं, दुकान गिऱ्हाईकाकडे बघतंच असं नाही. घरगुती खात्यावर हा फरक जाणवत नाही, कारण मित्रमैत्रिणी एकमेकांना फॉलो करतात. विकणाऱ्याच्या खात्यावर मात्र हीच सेटिंग सगळा धंदा बंद करू शकते. या सेटिंगचं जुनं नाव त्या मानाने स्पष्ट होतं, ‘तुम्ही उलट फॉलो करता असे फॉलोअर’ अशा अर्थाचं.

पण हे महिनाभर कुणाच्या लक्षात का आलं नाही? दोन कारणं होती, आणि दोन्ही शिकण्यासारखी आहेत.

पहिलं कारण असं की ज्याला उत्तर देण्याची परवानगी नाही, त्याला तसं कुणी सांगत नाही. ‘तुम्हाला उत्तर देता येणार नाही’ अशी पाटी येत नाही. स्टोरी नेहमीसारखी उघडते, फक्त खालची लिहायची चौकट नसते. लोकांना वाटतं नेट हळू आहे, फोन जुना झाला, नाहीतर वहिनींचा राग आहे. आणि खुद्द वहिनींच्या फोनवर तर काहीच वेगळं दिसत नाही, कारण स्वतःच्या स्टोरीखाली उत्तराची चौकट कधीच नसते. तिथे कुणी कुणी बघितलं त्याची यादी असते. ज्याचं दार बंद आहे त्याला ते आतून दिसतच नाही.

दुसरं कारण पुतणीची तपासणी. तिने सेटिंग बदलल्यावर स्वतःच्या खात्यावरून उत्तर पाठवून बघितलं होतं. गेलं! म्हणून ती निर्धास्त. पण तिचं खातं वहिनी फॉलो करतात, म्हणजे ती त्या अडतिसांतलीच. तपासायचं असेल तर असं खातं हवं ज्याला तुमचं पान फॉलो करत नाही. शेजारच्या कुणाचा तरी फोन मागा आणि तुमची स्टोरी उघडा. चौकट दिसते का, एवढं बघितलं की काम झालं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता ही सेटिंग कुठे असते ते सांगतो. प्रोफाइलवर वर उजवीकडे तीन आडव्या रेघा असतात, त्यातून सेटिंग उघडा आणि खाली सरकत `Messages and story replies` शोधा. त्यात स्टोरीच्या उत्तरांचा भाग आहे. तिथे तीन पर्याय मिळतात: सगळे, तुम्ही ज्यांना फॉलो करता ते, आणि कोणीच नाही. अ‍ॅप बदलत राहतं तशी नावं थोडी इकडेतिकडे होतात, पण हे तीन पर्याय बरीच वर्षं तेच आहेत. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की ही सेटिंग अख्ख्या खात्याची आहे. आजच्या स्टोरीला एक आणि उद्याच्या स्टोरीला दुसरी, असं करता येत नाही.

‘सगळे’ म्हणजे तरी नक्की कोण? तर ज्यांना स्टोरी दिसू शकते ते सगळे. आधी बघण्याची चाळणी, मग उत्तराची. खातं खाजगी असेल तर स्टोरी फक्त मान्य केलेल्या फॉलोअर्सना दिसते, म्हणून उत्तर सगळ्यांना खुलं ठेवलं तरी बाहेरचा माणूस काही लिहू शकत नाही. ज्याच्यापासून तुम्ही स्टोरी लपवली आहे त्याला ती दिसतच नाही, मग चौकटीचा प्रश्नच येत नाही. `Close Friends` यादीला टाकलेली स्टोरी त्या यादीपुरती. म्हणजे एखाद्याचं उत्तर नको असेल, तर बऱ्याचदा उत्तराच्या सेटिंगला हात न लावता बघण्याच्या चाळणीतून त्या एकट्याला बाजूला काढणं सोपं पडतं.

टवाळ पोराच्या बाबतीत हेच करायला हवं होतं. एका पोरासाठी तेवीसशे लोकांचं तोंड बंद करणं म्हणजे एका ढोरासाठी सगळ्या शिवाराला कुंपण घालण्यासारखं. त्या खात्यापासून स्टोरी लपवता येते, ते ब्लॉक करता येतं, आणि ‘रिस्ट्रिक्ट’ नावाचा मधला मार्गही आहे. रिस्ट्रिक्ट केलेल्या माणसाला आपल्याला काही केलंय हे कळत नाही. त्याचे मेसेज विनंत्यांच्या खणात जाऊन पडतात आणि तुम्ही ते वाचले की नाही हेही त्याला दिसत नाही. ब्लॉक केलं की पोरं नवं खातं काढतात आणि पुन्हा येतात. रिस्ट्रिक्ट केलं की भिंतीशी बोलत बसतात. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, पण हा माझा स्वभाव.

आणखी एक सोय आहे, जी आपल्याकडे फार थोडे वापरतात. २०२१ साली इन्स्टाग्रामने मेसेजच्या विनंत्यांमधले शिवीगाळीचे मेसेज वेगळ्या खणात टाकणारी गाळणी आणली, `Hidden Words` नावाची. तिची आयती यादी असते, पण तुम्ही स्वतःचे शब्दही त्यात घालू शकता. अहिराणीतल्या शिव्या त्या आयत्या यादीत असतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. त्या आपण स्वतः लिहायच्या, देवनागरीतही आणि पोरं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत जशा लिहितात तशाही. पुतणीने ती यादी मोठ्या उत्साहाने भरली. वहिनींना आपल्या लेकीला एवढे शब्द येतात हे त्या दिवशी कळलं.

स्टोरीला दिलेलं उत्तर जातं कुठे, हाही एक गोंधळ असतो. ते सरळ तुमच्या खाजगी मेसेजमध्ये येतं. दुसऱ्या कुणाला ते दिसत नाही. खालच्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर बोट ठेवलं तर तेही मेसेज म्हणूनच जातं. बदामाच्या चिन्हाचं तसं नाही. २०२२ पासून स्टोरीला नुसतं लाइक करता येतं, आणि ते मेसेजमध्ये न येता बघणाऱ्यांच्या यादीत नावाशेजारी दिसतं. स्टोरीवर उघड कमेंट करायची सोय २०२४ मध्ये आली, ती इतरांनाही दिसते आणि तिची कळ वेगळी आहे. एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. तसंच, उत्तराची चौकट बंद असली तरी सुरतचा माणूस वहिनींच्या प्रोफाइलवर जाऊन साधा मेसेज पाठवू शकत होता, कारण मेसेज कुणी पाठवायचे याची सेटिंग निराळी. पण चौकट समोर असली की माणूस लिहितो, प्रोफाइलपर्यंत जायला लागलं की तो कंटाळतो. पंचवीस-तीस ऑर्डरी त्या कंटाळ्यात गेल्या.

उत्तराचा घोळ सुटला आणि दुसऱ्याच आठवड्यात स्टोरी पुढे टाकण्याचा घोळ आला.

आखाजीच्या दिवशी दोन गिऱ्हाइकांनी ताटाचा फोटो टाकला. एक धुळ्याची, एक भुसावळची. दोघींनीही मांडा, आमरस, वर तुपाची धार असं ताट दाखवलं आणि वहिनींच्या खात्याचं नाव @ लावून लिहिलं. धुळ्याच्या बाईचा फोटो वहिनींच्या मेसेजमध्ये आला तेव्हा त्याखाली `Add to your story` असं बटण होतं. पुतणीने ते दाबलं आणि ते ताट वहिनींच्या स्टोरीवर लागलं. भुसावळच्या बाईचा फोटोही मेसेजमध्ये आला, उघडला, दिसला, पण बटण नव्हतं. वहिनींना वाटलं पुतणीकडून काही दाबलं गेलं. पुतणीला वाटलं बाईंनी मुद्दाम बंद केलं.

दोघींचंही चुकत होतं. भुसावळच्या बाईंचं खातं खाजगी आहे. ही सोय २०१८ मध्ये आली तेव्हापासून तिचा नियम असा आहे: सार्वजनिक खात्याने स्टोरीत तुमचा उल्लेख केला तर तुम्हाला ती आपल्या स्टोरीवर घेता येते, खाजगी खात्याने केला तर घेता येत नाही. कारण उघड आहे. त्या बाईंनी मोजून दीडशे लोकांना आपलं घर दाखवायचं ठरवलंय. वहिनींनी तो फोटो उचलला तर तो तेवीसशे लोकांसमोर जाईल आणि त्या बाईंच्या खाजगीपणाला काही अर्थच उरणार नाही. त्यांचा फोटो वहिनींना दिसला तोसुद्धा वहिनी त्यांना फॉलो करतात म्हणून. फॉलो करत नसत्या तर उल्लेख झाल्याचा मेसेज येऊनही आतली स्टोरी उघडली नसती.

यातून मार्ग काय? बाईंना मेसेज करून फोटो मागायचा, ‘आमच्या पानावर लावू का?’ असं विचारायचं, आणि त्या हो म्हणाल्या तर स्वतः नवी स्टोरी म्हणून टाकायचा. बटण नाही म्हणून स्क्रीनशॉट काढून लावणं हा मार्ग नाही, जरी तो सगळ्यांत सोपा असला तरी. बाई हो म्हणाल्या, पण एका अटीवर: मागे भिंतीवर दिसणारा सासऱ्यांचा फोटो कापायचा.

सार्वजनिक खात्याच्या बाजूने बघितलं तर उल्लेखाचा अर्थ आणखी स्पष्ट होतो. @ लावून नाव लिहिणं म्हणजे नुसती हाक मारणं नाही; ‘हे तू पुढे टाकू शकतोस’ अशी चावी देणं आहे. प्रत्येक उल्लेखासाठी ‘हाक मारू दे, पण पुढे टाकू देऊ नको’ अशी वेगळी कळ नाही. नको असेल तर साधा उपाय आहे: नाव लिहा, @ लावू नका. नावाची चिठ्ठी बारीक करून फोटोच्या कोपऱ्यात लपवली तरी ती चिठ्ठीच असते; समोरच्याला मेसेज जातो आणि बटण मिळतं. पुढे टाकलेली स्टोरी ही टाकणाऱ्याची नवी स्टोरी असते. तिला त्याचे बघणारे मिळतात, आणि तिचे चोवीस तास तेव्हापासून सुरू होतात. मूळ बाईचं नाव त्यावर दिसतं, पण कुणी कुणी बघितलं ही यादी आता वहिनींच्या फोनवर असते, तिच्या नाही. धुळ्याच्या बाईने स्वतःच्या दोनशे लोकांना दाखवलेलं ताट वहिनींच्या स्टोरीवर किती जणांनी बघितलं, हे तिला कळायला मार्ग नाही.

इन्स्टाग्रामवर आता उल्लेख नसतानाही सार्वजनिक खात्यांच्या स्टोऱ्या पुढे टाकण्याची सोय येऊ लागली आहे. ती चालू की बंद हे सेटिंगमधल्या `Sharing and reuse` या भागात बघता येतं. तुमच्या पोस्ट आणि रील लोकांनी त्यांच्या स्टोरीवर लावाव्यात की नाही, हेही तिथेच ठरतं. विकणाऱ्याने हे चालू ठेवलं तर फुकटची जाहिरात होते. घरच्या फोटोंचं सार्वजनिक खातं असेल तर मात्र एकदा उघडून बघाच.

त्याच भागात आणखी एक कळ आहे, स्टोरी मेसेजमधून दुसऱ्याला पाठवू द्यायची की नाही याची. तिच्याबद्दल भीती जास्त असते आणि ती बरीचशी अनाठायी आहे. पुतणीचं स्वतःचं खातं खाजगी आहे. तिच्या मैत्रिणीने तिची एक स्टोरी कॉलेजच्या ग्रुपवर पाठवली तेव्हा ती रडकुंडीला आली. पण त्या ग्रुपमध्ये जे तिला फॉलो करत नव्हते, त्यांना स्टोरी उघडलीच नाही. कागदाच्या विमानाच्या चिन्हाने जे जातं तो पत्ता असतो. पत्त्यावर जो जाईल त्याला आत घ्यायचं की नाही हे घर ठरवतं. चोवीस तासांनंतर तोच पत्ता कुठेच नेत नाही. स्टोरी आता उपलब्ध नाही एवढंच दिसतं. उल्लेखामुळे जे मिळतं तो पत्ता नसून भरलेला डबाच असतो. तो एकदा दिला की कुणाच्या ओट्यावर उघडला जाईल यावर आपला हात चालत नाही.

आणि स्क्रीनशॉट. वर सांगितलेल्या सगळ्या कळा अ‍ॅपच्या आतल्या आहेत. फोनच्या पडद्याचा फोटो काढणं अ‍ॅपच्या बाहेरचं आहे. इन्स्टाग्राम स्टोरीचा स्क्रीनशॉट काढला तर मालकाला कळवत नाही. २०१८ मध्ये तसं कळवण्याचा प्रयोग झाला होता, तो सोडून दिला गेला. आपल्याकडे तर ही रोजची रीत आहे: इन्स्टावरचं स्क्रीनशॉटने उचलायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावायचं. पुतणीने यावर कळ शोधणं सोडलं. फोटोत खापराच्या मधोमध वहिनींचं खातं आणि ‘अमळनेर’ असं लिहायला सुरुवात केली. कुणी उचललं तरी ऑर्डर कुठे द्यायची ते सोबत जातं. कोपऱ्यात लिहिलं तर लोक कापून टाकतात, म्हणून मधोमध.

व्हॉट्सअ‍ॅपचा विषय निघालाच आहे तर तेवढंच सांगतो, कारण वहिनी दोन्हीकडे टाकतात आणि दोन्हीकडचे नियम एकच समजत होत्या. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस दिसायला दोघांच्या फोनमध्ये एकमेकांचा नंबर साठवलेला असावा लागतो. वहिनींनी सुरतच्या कुटुंबाचा नंबर साठवलाच नव्हता, म्हणून त्यांना स्टेटसही दिसत नव्हतं. तिथे उत्तराची वेगळी कळ नाही. कोण बघेल एवढंच ठरवायचं, आणि जो बघेल तो लिहू शकतो. शिवाय बघणाऱ्यांची यादी बदलली तर ती पुढच्या स्टेटसला लागू होते, आधी टाकलेल्याला नाही. म्हणून सकाळी टाकलेलं स्टेटस दुपारी नंबर साठवल्यावर दिसेल अशी वाट बघत बसू नका, नवीन टाका.

आता वहिनींच्या खात्यावर उत्तरं सगळ्यांना खुली आहेत, टवाळ पोरगा रिस्ट्रिक्ट केलेला आहे आणि पुतणी दर महिन्याला शेजारच्या शिकवणीतल्या एका पोराचा फोन मागून चौकट दिसते का ते बघते. सुरतच्या कुटुंबाचा नंबरही साठवला आहे. कानबाईच्या आधी त्यांचं पहिलं उत्तर स्टोरीखालूनच आलं, “वैनी, मांडा शेतस का?” आणि वहिनींनी चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत, स्वतः टाइप केलं, “शेतस. किती?”